‘चांगला पालक कोण’ हे रिपोर्टात लिहूच नये

कस्टडीच्या केसची कुठलीही फाईल उघडा, हल्ली एक कागद हमखास सापडतो. कुणातरी सायकॉलॉजिस्टचं लेटरहेड, दीड-दोन पानं, आणि खाली एक ठोक वाक्य की बालक वडिलांविषयी तीव्र भीती दर्शवते, सबब वडिलांची भेट तिच्या मानसिक आरोग्यास हितावह नाही. सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर सगळं व्यवस्थित. फक्त लिहिणाऱ्याने वडिलांना कधी बघितलेलंच नसतं. मुलीला आईने आणलं, आईने हिस्ट्री सांगितली, आईने फी भरली, आणि वडील कसे आहेत त्याचा निकाल लागला. दुसऱ्या बाजूची फाईल उघडली की तिथे तसाच एक कागद असतो, त्यात आई ‘इमोशनली अनस्टेबल’ असते आणि लिहिणाऱ्याने आईला पाहिलेलं नसतं. मग कोर्टात दोन कागद भांडतात आणि मूल बाहेरच्या बाकावर वेफर्स खात बसलेलं असतं.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, थेरपी करते आणि कोर्टाने सांगितलं तर पालकत्वाच्या क्षमतेचं मूल्यमापनही करते, त्यामुळे हे जे लिहितेय त्यात माझ्याच व्यवसायावर टीका आहे हे मला माहितीये. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याने दोन्ही पालकांना आणि मुलाला पाहिलेलं नाही त्याने कस्टडीबद्दल एक ओळही लिहू नये. आणि ज्याने तिघांना पाहिलंय त्यानेसुद्धा ‘आई जास्त चांगली’ किंवा ‘वडील जास्त चांगले’ असा निकाल लिहू नये. त्याने या मुलाला काय काय लागतं आणि त्यातलं कोण किती देऊ शकतं एवढं दाखवावं, पुराव्यासकट. बाकीचं जज बघतील, तो त्यांचाच अधिकार आहे.

कोर्टाने स्वतः तज्ज्ञ नेमायला कायद्यात जागा नाही असं अजिबात नाही. फॅमिली कोर्ट्स अ‍ॅक्ट १९८४ चा आहे, त्याच्या कलम १२ खाली कोर्ट डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यातला माणूस अशा तज्ज्ञाची मदत घेऊ शकतं, आणि कलम १४ मुळे एरवी पुरावा कायद्यात न बसणारा रिपोर्टही विचारात घेता येतो. मुलाचं हित सर्वोच्च हे तर १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्टपासून आहे, १९५६ च्या हिंदू अल्पवयीनता आणि पालकत्व कायद्यात कलम १३ मध्ये ते अजून स्पष्ट लिहिलंय. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हेही त्याच कायद्यात आहे, पण ‘साधारणपणे’ हा शब्द लोक विसरतात. आपल्याकडच्या फॅमिली कोर्टात मॅरेज काउन्सेलर असतात, जज त्यांच्याकडूनही घरच्या वातावरणाचा आणि मुलाशी असलेल्या नात्याचा रिपोर्ट मागवू शकतात. म्हणजे न्यूट्रल माणूस मिळायची सोय आहे. पण खाजगी कागद आठवड्यात मिळतो, आणि कोर्टाने नेमलेला माणूस म्हणजे अर्ज, त्यावर हरकत, मग तारीख, मग पुढची तारीख. म्हणून लोक पहिला रस्ता धरतात, वकीलही तोच सुचवतात.

यात अजून एक गफलत होते जी बाहेरच्यांना पटकन दिसत नाही. मुलाची थेरपी करणारा माणूस आणि मुलाच्या कस्टडीसाठी मूल्यमापन करणारा माणूस एकच असू शकत नाही. थेरपिस्टचं काम समोरच्याच्या बाजूने उभं राहायचं असतं, तो आईचं म्हणणं खरं-खोटं करत बसत नाही, तिला बरं वाटावं, मुलाला झोप लागावी हे बघतो. मूल्यमापन करणाऱ्याला मात्र प्रत्येक वाक्यावर ‘हे दुसरीकडून कुठून कळेल?’ असं विचारावंच लागतं. शिवाय थेरपीतलं बोलणं गुप्त असतं, इथलं नसतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका कस्टडी प्रकरणात असाच एक फरक केला, मध्यस्थीतलं बोलणं गुप्त ठेवायचं पण मुलाच्या हितासाठी काउन्सेलरने दिलेला रिपोर्ट कोर्ट वापरू शकतं. म्हणून पहिल्याच भेटीत मी दोघांनाही सांगते की इथे जे बोलाल ते कागदावर जाऊ शकतं, समोरच्याचा वकील वाचेल. मुलालाही सांगते, त्याला कळेल अशा भाषेत, की तू सांगितलेलं मी जज मॅडमना सांगू शकते, नको असेल ते नाही बोललास तरी चालेल.

आता हे सगळं हवेत राहू नये म्हणून एक केस घेते. दोन-तीन घरांचे तपशील मिसळलेत आणि बदललेत, कुणाला आपलं घर ओळखू येणार नाही, पण प्रश्न खरे आहेत.

मुलगी सात वर्षांची, दुसरीत, दमा आहे. आई पिंपरी-चिंचवडमध्ये राहते, सपोर्टची नोकरी, महिन्यातले काही आठवडे नाईट शिफ्ट. वडील साताऱ्याला आईवडिलांबरोबर राहतात, हार्डवेअरचं दुकान. वेगळे होऊन दीड वर्ष झालेलं. वडिलांचा आरोप की आई रात्रभर कामावर, दिवसभर झोपलेली, मुलगी बाईच्या भरवशावर, शिवाय आई ‘डिप्रेशनच्या गोळ्या खाते’, प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स अर्जाला जोडलेली. आईचं म्हणणं की वडील रागीट, मुलीला पंप कधी द्यायचा हेसुद्धा माहीत नाही, आणि मुलगी त्यांना भेटायला तयार नाही, कोर्टातल्या चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे मुलं आणि पालक भेटतात त्या जागेत, नेलं की रडते, आईच्या ओढणीला धरून बसते.

पहिली गोष्ट म्हणजे मी मुलीला दोनदा भेटले, एकदा आई घेऊन आली, एकदा वीकेंडनंतर आजोबा घेऊन आले. हे मी सगळ्यात जास्त आग्रहाने सांगेन, कारण मूल कुणाबरोबर आलंय त्यावर मूल काय बोलेल ते बऱ्याचदा ठरतं. आईबरोबर आली तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या, मी काही विचारायच्या आतच म्हणाली, “मला बाबांकडे नाही जायचं, ते आईला पोटगी देत नाहीत.” आजोबांबरोबर आली तेव्हा म्हणाली, “मला साताऱ्यालाच राहायचंय, तिकडे हवा चांगली आहे, दम्याला.” दोन्ही वाक्यं मोठ्या माणसांची आहेत. सात वर्षांच्या पोरीला पोटगी कळत नाही आणि हवापालटही कळत नाही. एवढ्यावर कुणी ‘मुलीला पढवलंय’ असं लिहून मोकळं होईल. पण पढवलेलं वाक्य बोललं म्हणजे त्याखाली मुलीची स्वतःची भीती नाही किंवा ओढ नाही असं थोडंच आहे? म्हणून मी पसंती विचारतच नाही. कोणाकडे राहायचंय हे विचारणं म्हणजे कुणाला सोडायचंय ते विचारणं, मुलांना ते बरोबर कळतं. मोठ्या, समज आलेल्या मुलाची पसंती कोर्ट विचारात घेऊ शकतं, कायद्यात तसं आहे, पण ते जज चेंबरमध्ये बोलून बघतील. मी विचारते ते दिवसाबद्दल. सकाळी उठल्यावर पहिलं कोण दिसतं, डबा कोण भरतं, रात्री खोकला आला तर कोणाला उठवतेस, रडू आलं तर कुठे जातेस.

मग गोष्टी येऊ लागतात, आणि त्या दोन्ही भेटींत सारख्या येतात. रात्री खोकला आला तर आई असेल तर आई, आई कामावर असेल तर ‘मावशी’, पण मावशींना पटकन जाग येत नाही म्हणून मग ती उशी उंच करून बसून राहते. साताऱ्याला आजी उठते. बाबा दुकानात नेतात, खिळ्यांचे डबे लावायला देतात, ते तिला फार आवडतं, किती नंबरचा खिळा कुठे हे तिला पाठ आहे. बाबा फोनवर आईशी बोलताना ओरडतात तेव्हा ती गच्चीवर जाते. आई बाबांशी बोलून झाल्यावर रडते तेव्हा ती टीव्हीचा आवाज वाढवते. यातलं एकही वाक्य कुणाच्या बाजूचं नाही, आणि रिपोर्टला लागणारा जवळजवळ सगळा माल यातच आहे.

चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्समधलं रडणंही मग वेगळं दिसायला लागलं. तिथे भेटीच्या आधी आई आणि वडील समोरासमोर येत होते आणि दारातच मागच्या तारखेचं भांडण पुढे सुरू होत होतं. मुलगी रडायची ती त्या दहा मिनिटांत. माझ्याकडे वडिलांबरोबर खोलीत सोडलं तेव्हा दोन-तीन मिनिटं गप्प होती, मग त्यांच्या मांडीवरचं कोडं तिने स्वतःहून ओढून घेतलं. मूल पालकाला भेटायला नको म्हणतं तेव्हा त्याची निदान पाच कारणं असू शकतात. खरोखर मार किंवा त्रास झालेला असेल, दुसरा पालक कान भरत असेल, ज्याच्याकडे राहतंय त्याला एकटं सोडून जायची काळजी असेल, वय लहान म्हणून कुणालाच सोडवत नसेल, किंवा भेटीची जागा आणि पद्धतच वाईट असेल. प्रत्येक कारण खरं मानून त्याच्या बाजूचं आणि विरुद्धचं काय सापडतं हे लिहायचं असतं.

इथे ‘पेरेंटल एलिएनेशन’, म्हणजे एका पालकाने कान भरून मुलाला दुसऱ्यापासून तोडणं, या शब्दाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. रिचर्ड गार्डनर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९८५ च्या सुमारास हा सिंड्रोम म्हणून मांडला, आपल्याकडे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालातही त्याची चर्चा आली, आणि आता प्रत्येक दुसऱ्या अर्जात तो असतो. मुलाचे कान भरले जातात हे खोटं नाही, मी डोळ्याने बघते. पण अमेरिकेच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात हा सिंड्रोम घेतलेला नाही, आणि धोका असा आहे की खरोखर मारहाण झालेल्या घरातलं मूल घाबरलं तरी त्याला हाच शिक्का बसतो. म्हणून रिपोर्टात सिंड्रोमचं नाव न घेता वागणं लिहावं. आईने शाळेचे मेसेज वडिलांना पाठवले नाहीत, दोन वीकेंड आजारपण सांगून रद्द केले, त्यातल्या एका वीकेंडला डॉक्टरांच्या फायलीत नोंद आहे, दुसऱ्याला नाही. हे लिहिलं की जजना जे समजायचं ते समजतं. आणि मुलाने छळाचं, विशेषतः लैंगिक त्रासाचं काही सांगितलं तर हे सगळं तिथल्या तिथे थांबतं, लैंगिक त्रास असेल तर पॉक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, तिथे आपण तपास अधिकारी होऊन पुढचे प्रश्न विचारत बसायचं नाही.

आता दम्याकडे येऊ, कारण या केसमध्ये ‘मुलाचं हित’ हा मोठा शब्द शेवटी पंप आणि त्याला लावायच्या नळीवर, म्हणजे स्पेसरवर, येऊन उतरला. मी दोघांनाही वेगवेगळं सांगितलं की मुलीला पंप कसा देता ते करून दाखवा. आईने पंप हलवला, स्पेसरला लावला, मास्क नीट बसवून एक दाब, मुलीला सावकाश पाच श्वास मोजायला लावले, थोडं थांबून दुसरा. रोजचा पंप कुठला आणि धाप लागली की कुठला हेही बरोबर सांगितलं. वडिलांनी स्पेसर न लावता पंप सरळ तोंडात धरला, औषधाचा फवारा अर्धा जिभेवर. आणि मग जरा ओशाळून म्हणाले, “आईला माहितीये माझ्या. मला कुणी दाखवलंच नाही.” दोन्ही खरं आहे. त्यांनी दीड वर्षात विचारलं नाही आणि मुलीच्या आईने डॉक्टरांचा लिहिलेला प्लॅन त्यांना कधी दिला नाही. रिपोर्टात ‘वडील औषधोपचाराबाबत बेफिकीर’ असं लिहिणं सोपं होतं. मी लिहिलं की आज वडिलांना पंप देता येत नाही, आजीला येतो, बालरोगतज्ज्ञांकडे एका भेटीत हे शिकता येण्यासारखं आहे, आणि शिकल्याशिवाय मुलगी रात्री फक्त त्यांच्या भरवशावर राहू नये.

माझ्या मते पालकत्वाच्या रिपोर्टचा सगळा कस इथे लागतो. प्रत्येक उणीव लिहिताना ती शिकून, सोय करून भरता येईल का, किती दिवसांत, आणि तोवर मुलाला त्याची काय किंमत मोजावी लागेल, हे सोबत आलं पाहिजे. नुसती उणीव लिहिली तर समोरचा वकील तिचं शस्त्र करतो.

आईच्या गोळ्यांचंही तसंच. डिप्रेशनची गोळी चालू आहे यावरून पालकत्वाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. निदान काय, त्याने रोजच्या वागण्यात काय फरक पडतो, आणि त्या फरकाचा या मुलीवर काय परिणाम होतो, या तिन्ही कड्या जोडून दाखवता आल्या तरच ते रिपोर्टात यावं. इथे तिच्या डॉक्टरांशी तिच्या लेखी परवानगीने बोलले, उपचार नियमित होते, कामावर रजा जास्त नव्हत्या, मुलीचा डबा, कपडे, डॉक्टर काही चुकलेलं नव्हतं. जे चुकत होतं ते शाळेच्या हजेरीत दिसलं, नाईट शिफ्टच्या आठवड्यांत मुलगी उशिरा पोचत होती आणि वर्गात पेंगत होती, क्लास टीचरने न विचारता सांगितलं. म्हणजे अडचण शिफ्टची होती. गोळी घेणारी आई गोळी लपवणाऱ्या आईपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते, हे माझं मत, पण ते रिपोर्टात नाही लिहिलं.

सायकॉलॉजिकल टेस्टबद्दल लोकांना, आणि खरं सांगायचं तर वकिलांनाही, फार आकर्षण असतं. ‘मॅडम, टेस्टमध्ये काय आलं?’ एमएमपीआयसारख्या टेस्ट मानसिक आजार तपासायला बनल्यात, पालक कसा आहे ते मोजायला नाहीत. कस्टडीच्या भांडणातली माणसं त्यात स्वतःला अगदी गुणी दाखवतात, उत्तरं सजवलीत का हे मोजणाऱ्या पट्ट्यांवर त्यांचे स्कोअर चढलेले असतात हे जगभर दिसलेलं आहे, आणि ते साहजिकच आहे, मूल जायची भीती असताना कोण खरं सांगेल की मला कधी कधी फार राग येतो. त्या चढलेल्या स्कोअरवरून ‘खोटारडा’ असा अर्थ काढणं हा तर अन्यायच. मुलांच्या चित्रांचंही तेच, बाबांना हात काढले नाहीत म्हणून बाबा मारतात किंवा जवळ घेत नाहीत, असले निष्कर्ष मी रिपोर्टांत वाचलेत आणि वाचून कपाळावर हात मारलाय. या केसमधल्या मुलीने आईलाही हात काढले नव्हते. तिला हात काढता येत नव्हते.

आता न्यूट्रल असण्याबद्दल, कारण खरा गोंधळ इथे आहे. बऱ्याच लोकांना वाटतं तटस्थ म्हणजे दोघांना सारखे मार्क, आईच्या दोन चुका तर वडिलांच्याही दोन चुका, शेवटी ‘दोघांनीही सामंजस्य दाखवावे’. हा भित्रेपणा आहे. तटस्थपणा पद्धतीत हवा. दोघांना सारखा वेळ, सारखे प्रश्न, दोघांची घरं बघायची, दोघांबरोबर मुलीला तेच काम करायला देऊन बघायचं, एकाने दिलेला कागद दुसऱ्याला दाखवून त्याचं म्हणणं घ्यायचं, कुणाचाही व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड एकट्याने वाचायचा नाही. घरी गेल्यावर चहा घ्यायचा तर दोन्हीकडे, नाहीतर कुठेच नाही, साताऱ्याला आजींनी पोहे केले होते आणि नाही म्हणताना मला खरंच अवघड गेलं. फी कोर्टात जमा होऊन मिळावी, एका पार्टीच्या गूगल पेवरून नाही. एवढं सारखं करून जे सापडेल ते मात्र अजिबात सारखं नसू शकतं. एका घरात नवरा बायकोला मारत होता आणि मूल दाराआडून बघत होतं, तर तिथे ‘दोघांमधील विसंवाद’ असं लिहिणारा तज्ज्ञ तटस्थ नाही, तो मारणाऱ्याच्या बाजूचा आहे.

रिपोर्टची भाषाही यात येते. आईने सांगितलं, वडिलांनी सांगितलं, तिसऱ्याकडून कळलं, मी स्वतः पाहिलं, आणि मला यावरून वाटतं, या सगळ्या गोष्टी वाचणाऱ्याला वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. ‘वडील वर्चस्व गाजवणारे आहेत’ याला काही अर्थ नाही. ‘कोडं लावताना वडिलांनी मुलीच्या हातातला तुकडा चार वेळा काढून स्वतः लावला, पाचव्यांदा ती म्हणाली तुम्हीच लावा, तेव्हा ते थांबले आणि सॉरी म्हणाले’ याला अर्थ आहे, कारण यातला शेवटचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे आणि विशेषण वापरलं की तो गळून पडतो. समोरच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं तर मी पाहिलेल्या गोष्टीवर उभी राहू शकते, माझ्या विशेषणावर नाही.

आजीचा मुद्दा आपल्याकडे वेगळा लिहावाच लागतो. मुलाचं रोजचं करणारी व्यक्ती कित्येक घरांत आई किंवा वडील नसून आजी असते. वडील कस्टडी मागतात तेव्हा प्रत्यक्षात आजीच्या भरवशावर मागत असतात, आणि आई मागते तेव्हाही तिची आई येऊन राहणार असते. परदेशी पद्धतीचे नमुने घेऊन रिपोर्ट लिहिले की आजी एकतर दिसतच नाही नाहीतर ‘सपोर्ट सिस्टीम’ म्हणून एका ओळीत उरकते. माझं म्हणणं की आजीलाही भेटावं, तिची तब्येत, वय, सुनेबद्दल ती मुलीसमोर काय बोलते हे बघावं. आजी ही मोठी ताकद आहे, पण ती वडिलांच्या क्षमतेत मिळवायची नाही, वेगळी लिहायची. या केसमध्ये आजी रात्री उठत होती हे मुलीच्या दृष्टीने फार चांगलं होतं. त्याच आजीने माझ्यासमोर मुलीला जवळ घेत म्हटलं, “आईला काय नोकरी प्यारी.” दोन्ही लिहिलं.

शेवटी काय लिहिलं? मुलीच्या गरजा आधी लिहिल्या, पालकांची नावं नंतर. दम्याची औषधं रोज आणि रात्री उठू शकणारं मोठं माणूस, पुरेशी झोप आणि शाळा वेळेवर, दोघांशी नातं, आणि अदलाबदलीच्या वेळी भांडण कानावर न पडणं. मग प्रत्येक गरजेसमोर आज कोण काय देतंय. मग पर्याय. मुलगी आईकडे राहिली तर शिफ्ट बदलणं किंवा रात्री जागं राहणारं कुणी असणं लागेल, नाहीतर उशी उंच करून बसणं चालूच राहील. साताऱ्याला गेली तर शाळा, डॉक्टर, मैत्रिणी एकदम बदलतील आणि वडिलांना औषधं आधी शिकावी लागतील. भेटी कुठेही असोत, मुलीची सोड-आण आईवडिलांनी समोरासमोर न करता शाळेतून किंवा तिसऱ्या माणसाकरवी व्हावी. कस्टडी कुणाला हे लिहिलं नाही.

यावर माझ्या काही सहकाऱ्यांचं आणि वकिलांचं म्हणणं असतं की जजना स्पष्ट शिफारस हवी असते, एवढं सगळं बघून तुम्ही शेवटचं वाक्य का गिळता. त्यात तथ्य आहे, केसेसच्या गर्दीत जज सगळी पानं वाचतीलच असं नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने कस्टडी मूल्यमापनासाठी मार्गदर्शक सूचना १९९४ मध्ये काढल्या, पुढे त्या सुधारल्या, त्या व्यवसायातही शिफारस करावी की नाही यावर एकमत नाही. पण मला वाटतं, माझ्याकडचं ज्ञान जिथे संपतं तिथे मी थांबलं पाहिजे. दम्याचं, भीतीचं, झोपेचं मी सांगू शकते. पोटगी कुणी थकवली, घर कुणाच्या नावावर, मुलीने कुठल्या गावात वाढावं यातला न्याय मला माहीत नाही. आणि दुसरं, शेवटचं वाक्य लिहिलं की दोन्ही बाजू फक्त तेच वाचतात.

या रिपोर्टला एक्सपायरीही असते, हे कुणी लिहीतच नाही. सात वर्षांच्या मुलीवर लिहिलेला कागद ती नऊ वर्षांची झाल्यावर निकालात वापरला तर तो दुसऱ्याच मुलीबद्दल असतो. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका मुलाच्या बाबतीत स्वतःचाच आधीचा निर्णय फिरवला, कारण ताबा बदलायचा ठरल्यानंतर मुलाची मानसिक तब्येत कशी बिघडली याचे रिपोर्ट समोर आले. कोर्टाने तसं केलं हे चांगलंच, पण खालच्या कोर्टात कितीजणांना परत जायची ताकद असते? म्हणून मी शेवटच्या पानावर लिहिते की हे निरीक्षण अमुक महिन्यांतलं आहे, सहा महिन्यांनी किंवा शिफ्ट, शाळा, घर यातलं काही बदललं तर परत बघावं लागेल.

कोर्टांनी एवढं एक केलं तरी बराच फरक पडेल, तज्ज्ञ नेमताना ऑर्डरमध्ये प्रश्न लिहून द्यावा. ‘पक्षकारांच्या मानसिक स्थितीचा अहवाल सादर करावा’ अशी ऑर्डर आली की तज्ज्ञ टेस्ट करतो आणि स्कोअर पाठवतो. ‘या मुलीला दमा आहे, ती भेटीला नकार देते, तिच्या औषधांची आणि भेटीची सोय दोन्ही घरी कशी होईल ते दोघांना भेटून सांगावे, खाजगी अहवाल विचारात घेऊ नयेत, फी निम्मी निम्मी जमा करावी’ अशी ऑर्डर आली की तोच तज्ज्ञ मुलीच्या शाळेत जातो, डॉक्टरांना फोन करतो आणि पंप हातात देऊन करून दाखवा म्हणतो.